फेटलिंगचे २५१ टक्के: गळती अहवालाच्या कामाच्या नोंदी

३ ऑक्टोबर २०२४

सकाळी घटस्थापनेच्या गडबडीत अर्धा स्टाफ उशिरा आला आणि साहेब नेमके वेळेवर. टेबलावर सप्टेंबरचा अहवाल उघडा होता आणि एका आकड्याभोवती लाल पेनानं गोल. आमच्या फाउंड्रीतलं कास्टिंग घासून साफ करणारं फेटलिंग, ऑगस्ट, माणसं काम सोडून जाण्याचा म्हणजे गळतीचा वार्षिक दर २५१.२ टक्के.

"मॅडम, अख्खं डिपार्टमेंट वर्षात अडीच वेळा बदलतं म्हणायचं का हे? आत जाऊन बघितलं तर तीच तोंडं दिसत्यात मला."

उत्तर नव्हतं. अहवाल हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. दर महिन्याला मी तो फक्त छापून फाइलला लावते. विभागवार किती आले, किती गेले, शेवटी किती राहिले आणि दर किती, एवढ्याच पाच-सहा रकान्यांचा आहे. दोन वर्षं छापतेय, पण आतली बेरीज कधी उलगडून बघितली नाही, हे इथं लिहून ठेवते.

साहेबांना दिवाळीआधी एप्रिल ते सप्टेंबरचा नीट अहवाल हवा आहे. बोनसनंतर माणसं जातात हे शिरोली एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी भरती किती करायची ते त्यांना ठरवायचंय.

४ ऑक्टोबर

आधी २५१ आला कुठून ते शोधलं. सॉफ्टवेअरप्रमाणे फेटलिंगमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला ४६ माणसं आणि शेवटी ४०, म्हणजे सरासरी ४३. गेले ९. नऊ भागिले त्रेचाळीस, गुणिले बारा. गणित बरोबर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही. एका महिन्यात जे झालं तेच बाराही महिने होईल असं धरून ते मोकळं होतं.

बारानं गुणण्यातला धोका कागदावर मांडल्यावर कळला. ४३ माणसांच्या विभागात महिन्याला एक माणूस जास्त गेला की वार्षिक दर २८ टक्क्यांनी उडी मारतो. एका माणसाची ताप-खोकल्यानं लांबलेली सुट्टी चुकून 'गेला' म्हणून नोंदली गेली, तरी तेवढीच उडी.

तरी प्रश्न उरतोच. गुणाकार बाजूला ठेवला तरी ऑगस्टमध्ये नऊ माणसं खरंच गेली का?

५ ऑक्टोबर

फेटलिंगचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांच्याकडे नऊ नावांची यादी घेऊन गेले. कास्टिंगवरचे फिन आणि रायझरचे तुकडे घासण्याचं काम चालू होतं, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं. मामांनी चष्मा कपाळावर सारला आणि यादीतल्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. मग तेच बोट समोरच्या ग्राइंडरकडं.

"ह्यो काय उभाय की."

नऊपैकी चार माणसं याच शेडमध्ये काम करत होती.

चौघंही चिखली-आंबेवाडी भागातले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा हे लोक जनावरं घेऊन गाव सोडून बाहेर पडले होते. हजेरीत सलग 'अ' पडत गेला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी पूर्वी नियम घालून ठेवलाय: सलग दहा दिवस गैरहजर असेल तर टोकन म्हणजे त्याचा हजेरीचा नंबर बंद, शेरा 'काम सोडले'. पाणी ओसरल्यावर तिघं ऑगस्टमध्येच परत आले. चौथ्याच्या घराची भिंत पडली होती, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. गेटवर जुनं टोकन चालेना, म्हणून टाइम ऑफिसनं नवीन टोकन दिलं. म्हणजे हे चौघं आधी 'गेलेल्यां'त मोजले गेले आणि नंतर 'आलेल्यां'त.

त्यातले एक आबा निघताना माझ्यामागं आले. "मॅडम, सात वर्सं माझा नंबर २१४ हुता. आता ६३१ का झाला?"

हा प्रश्न अहवालापेक्षा मोठा आहे. टोकन बंद झालं की महिन्याच्या पीएफ कामात नोकरी सोडल्याची तारीखही भरली जाते. नवीन रुजू तारखेनं सात वर्षांची सलग सेवा कागदावर तुटते. उद्या ग्रॅच्युइटी मोजताना कुणीतरी २०२४ पासून मोजेल. दहा दिवस गैरहजर राहणं हा स्थायी आदेशांप्रमाणे गैरवर्तनाचा मुद्दा होऊ शकतो, पण त्यासाठी नोटीस द्यावी लागते, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. आपोआप नाव कापता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच सांगितलंय. इथं तर माणूस पुरात होता.

पीएफचं काम बघणाऱ्या दादांना सांगितलं. चौघांपैकी दोघांची सोडल्याची तारीख पोर्टलवर गेली आहे. दुरुस्तीला कामगार आणि कंपनी दोघांच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र लागेल. वेळ जाईल, पण करायचंच.

८ ऑक्टोबर

उरलेल्या पाच जणांचा छडा.

दोघं मशीन शॉपला गेलेत. सीएनसीवर ऑपरेटर हवे होते, आयटीआय झालेली दोन पोरं फेटलिंगमध्ये होती, त्यांना तिकडं घेतलं. सॉफ्टवेअरमध्ये विभाग बदलायची सोय आहे, पण टाइम ऑफिसला ती सापडली नाही की सोपी वाटली नाही, कोण जाणे. जुना कोड बंद करून नवा उघडला. फेटलिंगमधून दोन 'गेले', मशीन शॉपला दोन 'आले'. सप्टेंबरमध्ये असाच आणखी एक निघाला.

राहिले तीन. हे खरोखर गेलेत. पण त्यातल्या दोघांच्या फायली काढल्या तर शेवटची हजेरी एकाची २९ जूनची आणि दुसऱ्याची १३ जुलैची. राजीनामा नाही, फोन नाही, यायचे बंद झाले एवढंच. ऑगस्टमध्ये त्यांचे नातेवाईक हिशेब मागायला आले तेव्हा फुल अँड फायनल झालं आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच तारीख पडली.

म्हणजे ऑगस्टमध्ये फेटलिंगमधून खरोखर गेलेला माणूस एक. नऊ नाही, एक.

९ ऑक्टोबर

आता नियम ठरवून लिहून काढले, कारण पुढच्या वेळी टाइम ऑफिसला दुसरं कुणी असेल.

गेल्याची तारीख म्हणजे कामावरचा शेवटचा दिवस. राजीनाम्याची नाही, हिशेबाची नाही, नाव कापल्याची तर नाहीच. न सांगता बंद झालेल्याची शेवटची हजेरी धरायची, पण घरी फोन आणि पत्र गेल्यावर आणि कारण कळल्यावरच त्याला 'गेला' म्हणायचं. तोवर तो 'तपासाधीन' आणि हेडकाउंटमध्येच. यामुळे मागच्या महिन्याचा आकडा नंतर बदलू शकतो. तो बदलला तर बदलू दे, खाली तारीख टाकून लिहू. साहेबांना हे आवडणार नाही. छापलेला आकडा हलला की त्यांना लेखापरीक्षक आठवतात.

बदलीला स्वतःचा रकाना. विभागाच्या ओळीत ती वजा किंवा अधिक दिसेल, कंपनीच्या बेरजेत शून्य आली पाहिजे. शून्य आली नाही तर कुठंतरी एकच बाजू नोंदली गेली आहे, हे लगेच कळतं.

त्याच टोकनवर परत आलेला माणूस 'आलेल्यां'त धरायचा नाही.

मोल्डिंगमधली ठेकेदाराची माणसं या तक्त्यात नाहीत, ती आमच्या रोलवर नाहीत. अप्रेंटिसही नाहीत, त्यांची मुदत संपली की ते जाणारच असतात.

१० ऑक्टोबर

एक्सेलमध्ये तक्ता नव्यानं बांधला. गेलेल्यांची मोजणी अशी, बदली म्हणजे TRF सोडून:

```
=COUNTIFS(Leave[LastDay],">="&B$1,
 Leave[LastDay],"<="&EOMONTH(B$1,0),
 Leave[Dept],$A2,
 Leave[Type],"<>TRF")
```

मशीन शॉपला दोन माणसं कमी भरत होती. दुपार गेली त्यात. हजेरी यंत्रातून आलेल्या काही तारखा तारखांसारख्या दिसतात, पण असतात मजकूर, आणि हे सूत्र अशा ओळी काही न बोलता सोडून देतं. एरर येत नाही, हाच त्रास. शेजारच्या रकान्यात `ISNUMBER` लावलं आणि जिथं `FALSE` आलं त्या दोन तारखा हातानं भरल्या. जुळलं.

१२ ऑक्टोबर

दसरा. शेडमध्ये मशिनांना झेंडूच्या माळा, ग्राइंडरलाही. काम नाही.

१४ ऑक्टोबर

फेटलिंगची सहा महिन्यांची ओळ तयार. दुरुस्तीनंतरची.

| महिना | सुरुवात | आले | गेले | बदली | अखेर |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | ४६ | ३ | २ | ० | ४७ |
| मे | ४७ | १ | २ | ० | ४६ |
| जून | ४६ | २ | ४ | ० | ४४ |
| जुलै | ४४ | २ | २ | ० | ४४ |
| ऑगस्ट | ४४ | ० | १ | −२ | ४१ |
| सप्टेंबर | ४१ | ७ | २ | −१ | ४५ |

जुन्या अहवालात आले १९, गेले २०, अखेर ४५. नव्यात आले १५, गेले १३, बदली वजा ३, अखेर ४५. शेवटचा आकडा दोन्हीकडं तोच! म्हणूनच दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. आम्ही दर महिन्याला अखेरची संख्या पगारपत्रकाशी जुळवत होतो आणि ती जुळत होती. खोटा गेलेला आणि खोटा आलेला एकमेकांना खाऊन टाकतात, पट बरोबर राहतो, दर मात्र फुगतो. पटाची जुळणी करून गळती तपासली असं म्हणणं म्हणजे गल्ल्यातली शिल्लक बघून किती गिऱ्हाइकं आली ते सांगण्यासारखं आहे.

आता दर. प्रत्येक महिन्याच्या सुरुवात-अखेरची सरासरी काढली, त्या सहांची पुन्हा सरासरी ४४.६ येते. तेरा जण सहा महिन्यांत, म्हणून दोननं गुणायचं:

```
=SUM(Left)/AVERAGE(AvgHC)*12/COUNT(AvgHC)
```

५८.३ टक्के. जुन्या पद्धतीनं याच सहा महिन्यांचे ८९.१ येत होते. आणि महिन्यामहिन्याला बारानं गुणत बसलं तर दुरुस्त आकड्यांवरही जून १०६.७ आणि ऑगस्ट २८.२ दाखवतो. तोच विभाग, तीच माणसं. महिन्याचा वार्षिक दर अहवालातून काढून टाकायचा असं ठरवलं. महिन्याला फक्त डोकी मोजायची, दर एकत्रित काळाचाच द्यायचा.

१५ ऑक्टोबर

बाकीचे विभाग पटापट झाले. मेल्टिंग, मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर, ऑफिस: कुठं एखादी तारीख चुकलेली, बाकी ठीक. मशीन शॉपमध्ये आलेल्यांतून तीन वगळून बदलीत टाकले. कंपनीची बदलीची बेरीज शून्य आली. बरं वाटलं.

पॅटर्न शॉपवर मात्र अडले. तिथं चार माणसं. त्यातले एक मिस्त्री जूनमध्ये ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले, जागा अजून भरलेली नाही. सूत्रानं दर दिला ५८.५ टक्के. फेटलिंगच्या तेरा माणसांपेक्षा एक निवृत्त मिस्त्री दोन दशांशांनी भारी! साहेबांनी हे दोन आकडे खाली-वर पाहिले असते तर पॅटर्न शॉपच्या हेडला बोलावून झाडलं असतं.

दोन गोष्टी केल्या. निवृत्ती आणि मृत्यू वेगळ्या रकान्यात, ते एकूण गेलेल्यांत धरायचे पण गळतीच्या दरात नाहीत. आणि सरासरी दहापेक्षा कमी माणसं असलेल्या विभागाचा दरच छापायचा नाही, नावानिशी यादी द्यायची. दहाच का, नऊ किंवा बारा का नाही, याला शास्त्र नाही. आमच्याकडं चार-पाच माणसांचे विभाग आणि पंचवीसच्या पुढचे विभाग आहेत, मधे काही नाही, म्हणून दहा सोयीचं पडलं.

१७ ऑक्टोबर

मामांना फेटलिंगचा कागद दाखवला. मला वाटलं खूश होतील, २५१ चे ५८ झाले. झाले उलटेच.

"तुमचं बरोबर असंल मॅडम. पण मला तेरा न्हाई, सोळा माणसं कमी पडली. मशीन शॉपला दिली ती काय माझी न्हवती? शिकवून तयार केलेली पोरं हुती."

बोलणं बरोबर आहे. कंपनी सोडून गेले किती, याचं उत्तर तेरा. फेटलिंगला किती जागा नव्यानं भरून शिकवाव्या लागल्या, याचं उत्तर सोळा, आणि त्याचा दर ७१.८ येतो. दोन प्रश्न वेगळे आहेत. साहेबांच्या कागदावर पहिला दर जाईल, विभागप्रमुखांच्या कागदावर दोन्ही. तिन्ही पोरं मागून घेतलेली बदली म्हणून गेली, हेही मामांनी सांगितलं. म्हणजे बदली झाली नसती तर त्यातला एखादा आज दुसऱ्या कंपनीत असता.

१९ ऑक्टोबर

तेरा जणांची सेवा किती झाली होती ते काढलं. आठ जण रुजू झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत गेलेत. त्यातले तीन जण एप्रिलच्या आधी लागलेले, पाच जण एप्रिल ते जुलैमधले. एप्रिल ते जुलै आम्ही फेटलिंगला घेतलीच होती आठ माणसं. आठातली पाच तीन महिने टिकली नाहीत.

दराचा आकडा बघून हे कधीच कळलं नसतं. ५८ टक्के म्हटलं की वाटतं निम्मा विभाग दरवर्षी बदलतो. प्रत्यक्षात जुनी तीसेक माणसं जाग्यावर आहेत, आणि दहा-पंधरा जागा सारख्या भरत-रिकाम्या होत आहेत. साहेबांना 'तीच तोंडं' दिसत होती ती यामुळेच.

त्या पाच जणांना फोन लावले. एकानं उचलला नाही. एकाला कागलकडं गावाजवळ काम मिळालं. तिघांनी जवळपास एकच सांगितलं: धूळ, आणि हाताला मुंग्या. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मोठा हँड ग्राइंडर देतात आणि पूर्ण पाळी त्यावरच ठेवतात. त्यातला एक म्हणाला, रात्री भाकरी मोडायला हात वळत नव्हता.

मामांना विचारलं. "नवा माणूस दुसरं करणार काय? छिन्नी-हातोडीला सवय लागती, पेडेस्टलला जास्तच लागती." मग थोडं थांबून म्हणाले की पूर्वी नव्या पोराला पहिले पंधरा दिवस अर्धी पाळी ट्रॉली भरायला ठेवायचे. ऑर्डरी वाढल्यावर ते बंद पडलं. कधी, ते त्यांना आठवत नाही.

२२ ऑक्टोबर

साहेबांसमोर मांडलं. ५८.३ वर ते थांबले आणि विचारलं, "मग वर्षाला सव्वीस माणसं धरून भरती करू?"

मी नाही म्हणाले. सहा महिन्यांना दोननं गुणणं म्हणजे पुढचे सहा महिने असेच जातील हे गृहीत धरणं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये दिवाळी नाही, बोनस नाही, ऊसतोडीचा हंगाम नाही. मागच्या ऑक्टोबर ते मार्चच्या तारखाही याच नियमांनी लावून घेतल्या होत्या: सतरा गेले, त्यातले नऊ एकट्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. दिवाळी गेल्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती, हिशेब सरळ लागतो. बारा महिन्यांचे तीस, सरासरी ४५.२ वर दर ६६.४ टक्के. बारा महिने पूर्ण हातात असताना कशानंच गुणावं लागत नाही, म्हणून आता दर महिन्याला मागचे बारा महिने धरूनच दर द्यायचा. सहामाही दर त्याच्या शेजारी, लहान अक्षरात.

साहेबांनी विचारलं, बोनस दोन हप्त्यांत दिला तर माणसं थांबतील का. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत तो पूर्ण द्यावाच लागतो, त्यामुळे फार तर महिनाभर थांबतील. विषय तिथंच सुटला.

नव्या माणसाला पंधरा दिवस अर्धीच पाळी ग्राइंडरवर ठेवायचं साहेबांनी मान्य केलं, नोव्हेंबरच्या भरतीपासून. मामा हसले नाहीत, पण चहा मागवला.

२५ ऑक्टोबर

सॉफ्टवेअरमधला दहा दिवसांचा नियम बंद करून घेतला. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "पण मग यादी साफ राहणार नाही." राहू दे. आता दहाव्या दिवशी टोकन बंद होत नाही, माझ्या टेबलावर नाव येतं आणि मी फोन लावते.

आबांचं टोकन २१४ परत चालू झालं. पीएफचं घोषणापत्र दोघांच्या सह्यांनी गेलं आहे, मंजुरी यायची आहे.

३० ऑक्टोबर

बोनस काल खात्यात जमा झाला. फेटलिंगच्या ऑक्टोबरच्या ओळीत सध्या: सुरुवात ४५, आले २, गेले १, बदली ०. तपासाधीन एक. त्याच्या घरी दोनदा फोन केला, आई म्हणाली शेताकडं गेलाय, दिवाळी झाली की येतो म्हणतोय. ४६ मध्येच धरलाय.